बोर्डाची तारीख आली, रजेच्या अर्जाला काय जोडायचं?

«सांवेर रोडवरच्या एका खासगी कंपनीत मी अकाउंट्समध्ये आहे. बाबांना (वय ६३) २७ फेब्रुवारीला पक्षाघात झाला. उजवा हात-पाय कमजोर आहे, बोलणंही अडखळतं. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी पोर्टलवर अर्ज केला, तर १९ ऑगस्ट, बुधवारची तारीख मोबाइलवर मेसेजने आली. पत्र वगैरे काहीच नाही. एचआरवाले म्हणतात, आजारपणाची रजा हवी तर मेडिकल द्या, नाहीतर अपॉइंटमेंट लेटर जोडा. साहेब म्हणतात, अर्ध्या दिवसात आटपा. माझ्या सीएल चारच उरल्यात. अर्ज कसा लिहू, काय जोडू आणि किती दिवस मागू?
एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर»

ताई, रजेचा अर्ज लिहायला बसण्याआधी कॅलेंडर घ्या आणि तारखा मोजा. २७ फेब्रुवारी ते १९ ऑगस्ट हे सहा महिने होत नाहीत, आठ दिवस कमी पडतात. दिव्यांगत्व मोजण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पक्षाघातासारख्या मेंदूच्या आजारांसाठी सर्वसाधारण नियम असा आहे की आजार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी तपासणी करावी. कारण सरळ आहे. पहिल्या काही महिन्यांत फिजिओथेरपीने हातापायात बरीच सुधारणा होत असते, आणि आज मोजलेला टक्का उद्याचा राहत नाही. नेमकी वेळ ठरवण्याची मोकळीक तपासणाऱ्या डॉक्टरांना आहे, म्हणून आठ दिवसांसाठी ते अडवतीलच असं नाही. पण डॉक्टर काटेकोर असले तर डिस्चार्ज कार्डावरची तारीख बघून "सहा महिने झाल्यावर या" म्हणतील. मग तुमची चारातली एक सीएल गेली आणि बाबांना उगाच हेलपाटा झाला.

म्हणून रजा मागण्याआधी रुग्णालयातल्या दिव्यांग बोर्डाचं काम बघणाऱ्या बाबूंना भेटा. बाबांना नेण्याची गरज नाही, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स आणि पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक पुरे. एकच प्रश्न विचारा: २७ फेब्रुवारीची केस १९ ऑगस्टला घेणार, की पुढची तारीख देता? पुढची देणार असतील तर बोर्ड बसतं त्या वारी, २७ तारखेनंतरची मागा, म्हणजे २ सप्टेंबरचा बुधवार. तोंडी "दोन तारखेला या" एवढ्यावर परत येऊ नका. जी पर्ची किंवा पोर्टलची पावती घेऊन गेला असाल त्यावरच नवी तारीख लिहून सही-शिक्का मागा. एचआरला हवा असलेला कागद असा तुमच्या हातात येतो.

त्याच भेटीत आणखी एक गोष्ट बघून घ्या. बाबांचे हात-पायही कमजोर आहेत आणि बोलणंही अडखळतं. कायद्याच्या यादीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाता-पायाची तपासणी एका डॉक्टरांकडे होते, बोलण्याची दुसऱ्यांकडे, आणि दोन्ही एकाच दिवशी हजर असतील याची खात्री नसते. अर्जात दोन्ही प्रकार भरलेत का ते पावतीवर पाहा. भरले असतील तर "दोघे डॉक्टर एकाच दिवशी बघतील का" हे विचारून ठेवा. किती दिवस रजा लागेल हे या उत्तरावर ठरेल.

आता "अपॉइंटमेंट लेटर" म्हणजे काय ते बघू. लेटरहेडवरचं, जावक क्रमांक असलेलं पत्र पुष्कळ ठिकाणी निघतच नाही, त्यामुळे एचआरने तेच मागून धरलं तर तुम्ही अडकाल. तारीख सिद्ध करायला दोन कागद एकत्र पुरतात. पहिला, swavlambancard.gov.in वरून काढलेली अर्जाची पावती. तिच्यावर बाबांचं नाव आणि नोंदणी क्रमांक असतो. दुसरा, तारीख सांगणारा कागद, म्हणजे मेसेजचा प्रिंट किंवा शिक्का असलेली पर्ची. मेसेजचा स्क्रीनशॉट घेताना फक्त मजकूर कापून घेऊ नका. वर पाठवणाऱ्याचं नाव आणि मेसेज आल्याची तारीख दिसली पाहिजे, नाहीतर तो कुणीही टाइप केलेला मजकूर वाटतो. प्रिंट काढल्यावर खाली पेनाने नोंदणी क्रमांक लिहा आणि पावतीवरच्या त्याच क्रमांकाखाली रेघ ओढा. एचआरमधल्या माणसाला दोन कागद जुळवायला दोन सेकंदही लागू नयेत. जिथे जुळवायला वेळ लागतो तिथे "आणखी कागद द्या" सुरू होतं.

हे बाबा तुमचेच, हे दाखवायला वेगळं काही लागत नाही. तुमच्या पॅन कार्डावर वडिलांचं नाव असतं आणि पॅनची झेरॉक्स कंपनीकडे पहिल्या दिवसापासून पडून आहे. मात्र आपल्या इंदूरच्या मराठी घरांमध्ये इथेच घोळ होतो. पॅनवर "वसंतराव", आधारवर नुसतं "वसंत", एकीकडे मधलं नाव आहे, दुसरीकडे नाही, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तर तीन कागदांवर तीन तऱ्हेचं. पोर्टलवर आधारप्रमाणे नाव जातं, म्हणून अर्जातही आधारवरचंच नाव लिहा आणि पुढे कंसात "पॅनवर असे नमूद" म्हणून दुसरं रूप द्या. सासू-सासऱ्यांना न्यायचं असतं तर पॅन कामाला आलं नसतं. तेव्हा कंपनीच्या आरोग्य विम्यात त्यांची नावं आहेत का ते बघावं लागतं. आधार जोडायला सांगितलंच तर मास्क केलेलं द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

काय जोडायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. डिस्चार्ज कार्ड, एमआरआय, औषधांच्या चिठ्ठ्या हे सगळं बोर्डासाठी आहे, ऑफिससाठी नाही. एचआरला फक्त तीन गोष्टी कळायला हव्यात: कुठे, कोणत्या दिवशी आणि कोणासाठी. बाबांच्या डोक्याचा एमआरआय कंपनीच्या मेलवर फिरायचं काही कारण नाही.

रजेच्या प्रकाराबद्दल. आजारपणाची रजा मागू नका. ती तुम्ही आजारी असाल तेव्हाची, आणि एचआरने मेडिकल मागितलं ते त्या रजेच्या नियमाने बरोबरच आहे. काही जण ओळखीच्या डॉक्टरांकडून "व्हायरल ताप" लिहून आणतात. हे करूच नका. त्याच तारखेच्या पर्चीवर बोर्डासमोर बाबांबरोबर तुमचं नाव किंवा सही असू शकते आणि पुढच्या खेपेला तीच पर्ची तुम्ही स्वतः ऑफिसात देणार आहात. एका दिवशी तुम्ही तापाने घरी आणि रुग्णालयात रांगेतही, असं होतं. ठरलेल्या तारखेचं घरचं काम यासाठी सीएल हीच योग्य. सीएल संपल्या असतील तर अर्जित रजा म्हणजे पीएल, पण तिची पूर्वसूचना बहुतेक कंपन्यांत जास्त दिवसांची असते, आणि बोर्डाची तारीख चार-पाच दिवस आधी कळू शकते. तेव्हा सीएल बोर्डासाठी राखा आणि आधीच ठाऊक असलेल्या कामांना पीएल वापरा. दोन्ही संपल्या तर विनावेतन रजा, पण आधी मंजूर करून घेतलेली. न सांगता गैरहजर राहिलात तर पगार तेवढाच कापला जातो, शिवाय हजेरीच्या नोंदीत ती गैरहजेरी म्हणून राहते.

अर्ध्या दिवसात आटपेल का? नाही. सकाळी नोंदणीच्या खिडकीवर पर्ची, मग मूळ कागदांची पडताळणी, मग डॉक्टर. हे डॉक्टर आधी आपली ओपीडी आणि वॉर्ड बघतात आणि त्यातून मोकळे झाले की बोर्डाला बसतात. मध्येच एखादी चाचणी लिहून दिली की पुन्हा दुसरी रांग. दुपारी दीडला सुटलात तरी बाबांना राजेंद्रनगरला सोडून सांवेर रोड गाठायचा म्हणजे शहर ओलांडायचं, तोवर ऑफिसचा उरलेला अर्धा दिवस गेलेला असतो. अर्धी सीएल घेऊन वेळेत पोहोचला नाहीत तर कित्येक ठिकाणी उरलेला अर्धा दिवस थेट विनावेतन धरतात. पूर्ण दिवस मागा. साहेबांना हे कारण तोंडी सांगा, अर्जात लिहायची गरज नाही.

दोन दिवस मात्र आत्ताच मागू नका. दुसऱ्या दिवसाचा कागद तुमच्याकडे नाही, आणि कागदाशिवाय मागितलेला दिवस कागद असलेल्या दिवसालाही संशयात टाकतो. पुढची तारीख मिळू शकते याची फक्त कल्पना देऊन ठेवा. बोर्डाने २ सप्टेंबर दिली असं धरून मजकूर असा (तुमच्या ऑफिसात हिंदी किंवा इंग्रजी चालत असेल तर तसा उतरवा):

«विषय: बुधवार, २ सप्टेंबर रोजी एक दिवसाची किरकोळ रजा.

माझे वडील श्री. (आधारवरील नाव) यांना दिव्यांगत्व प्रमाणपत्राच्या तपासणीसाठी वैद्यकीय बोर्डासमोर बुधवार, २ सप्टेंबर रोजी सकाळी (रुग्णालयाचे नाव) येथे हजर राहायचे आहे. तारीख रुग्णालयाने दिलेली आहे. वडिलांना एकट्याने ये-जा करता येत नसल्याने मला सोबत जाणे आवश्यक आहे. तरी त्या दिवसाची पूर्ण किरकोळ रजा मंजूर करावी.

पोर्टलवरील अर्जाची पावती आणि तारखेची नोंद असलेली पर्ची जोडली आहे. दोन्हींवर नोंदणी क्रमांक एकच आहे. हजर राहिल्याचा शिक्का असलेली पर्ची ३ सप्टेंबरला देईन. बोर्डाने आणखी चाचणी किंवा नवी तारीख दिल्यास तिचा कागद जोडून वेगळा अर्ज करीन. त्या दिवशीचे माझे काम (नाव) पाहतील. त्यांच्याशी बोलणे झाले आहे.»

यात पक्षाघात हा शब्द नाही आणि टक्केवारीचा अंदाज नाही, हे मुद्दामच. "प्रमाणपत्र आणून देते" असंही लिहिलेलं नाही. प्रमाणपत्र त्या दिवशी हातात मिळत नाही. बोर्डाचा निर्णय पोर्टलवर चढतो आणि मग ते उतरवून घेता येतं. नियमांत यासाठी अवधीच तीन महिन्यांचा आहे. ३ तारखेला प्रमाणपत्र देण्याचं कबूल केलंत तर नुसत्या विलंबामुळे तुमची रजा खोटी वाटायला लागेल.

बऱ्याच कंपन्यांच्या रजेच्या ॲपमध्ये एकच फाइल जोडता येते. दोन्ही कागद एकाच पीडीएफमध्ये घ्या, पावती आधी आणि पर्ची नंतर. कारणाच्या यादीत "वैयक्तिक" निवडा आणि वरचा मजकूर शेऱ्यात टाका. मंजुरीचा मेल आला की त्याचाही स्क्रीनशॉट ठेवा. साहेब नाही म्हणाले तर भांडत बसण्यापेक्षा "नामंजुरीचं कारण मेलवर कळवावं, म्हणजे रुग्णालयात तारीख बदलून मागता येईल" एवढंच लिहून पाठवा. लेखी कारण द्यायची वेळ आली की बरेचदा परवानगी निघते. आणि खरंच जाता येणार नसेल तर तारखेच्या आधी बोर्डाच्या बाबूंना सांगून नवी तारीख घ्या. न कळवता गैरहजर राहिलं की अर्ज पोर्टलवर तसाच लोंबकळत राहतो.

तारीख ठरवताना इंदूरच्या स्थानिक सुट्ट्यांकडेही लक्ष असू द्या. रंगपंचमीसारखी जिल्ह्यापुरती सुट्टी असते तेव्हा सरकारी रुग्णालयात बोर्ड बसायचं नाही, पण तुमची कंपनी चालू असेल आणि रजा मात्र खर्ची पडेल. ऑगस्ट-सप्टेंबरात सण भरपूर असतात, तेव्हा पर्चीवर तारीख घेतानाच "त्या दिवशी सुट्टी नाही ना" हे विचारा.

बोर्डाच्या दिवशी पर्चीच्या दोन झेरॉक्स सोबत ठेवा. मूळ पर्ची फाइलला लागू शकते आणि मग तुमच्या हातात काहीच उरत नाही. निघताना बाबूंकडून एका झेरॉक्सवर "तपासणीस उपस्थित" असं लिहून, तारीख टाकून सही-शिक्का घ्या. गर्दीत ते टाळतील, म्हणून वाक्य आधीच लिहून ठेवा, त्यांना फक्त शिक्का मारायचा राहील. शिक्का ओला असताना कागद दुमडू नका. रुग्णालयाचं नाव पुसटलं तर एचआर पुन्हा विचारणार. तिथल्या तिथे मोबाइलवर फोटो काढा. बोलण्याच्या तपासणीसाठी वेगळी तारीख मिळाली तर तीही त्याच पर्चीवर लिहून घ्या. दुसऱ्या सीएलच्या अर्जाला हीच पर्ची लागेल, पावती पुन्हा जोडावी लागणार नाही.

याच विषयावर इतर वाचक स्वतःच्या तपासणीबद्दलही विचारतात, म्हणून थोडक्यात. स्वतःची तारीख असेल तर पावतीवर दिव्यांगत्वाचा प्रकार छापलेला असतो आणि तो ऑफिसात कळावा असं प्रत्येकाला वाटत नाही. झेरॉक्स काढताना त्या ओळीवर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवा, नाव, क्रमांक, तारीख आणि ठिकाण तेवढं दिसू द्या, आणि अर्जात "मूळ पावती पाहावयाची असल्यास दाखवीन" असं लिहा. काळ्या पेनाने खोडण्यापेक्षा हे बरं. खोडलेला कागद पाहिला की आधी लपवाछपवीच डोक्यात येते.

वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेला दिव्यांग हक्क कायदा २०१६ आणि त्याखालच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे समान संधी धोरण करावं लागतं, आणि त्यात दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या विशेष रजेचाही उल्लेख असावा लागतो. एचआरकडे तो कागद मागा. तो कंपनीच्या वेबसाइटवर किंवा कार्यालयात दिसेल अशा जागी असायला हवा. अडचण एवढीच की प्रमाणपत्र हातात येईपर्यंत ही रजा बहुधा मिळत नाही, म्हणून पहिली तपासणी सीएलवरच होते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचंही तसंच. दिव्यांग कर्मचाऱ्याला दिव्यांगत्वाशी निगडित गरजांसाठी वर्षाला चार दिवस विशेष किरकोळ रजेची तरतूद २००८ पासून आहे, पण ती प्रमाणपत्र असलेल्यांना. नूतनीकरणाच्या तपासणीला ती वापरता येते. बोर्ड दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर सरकारी नोकरांनी रजेसोबत मुख्यालय सोडण्याची परवानगीही त्याच अर्जात मागावी, ती विसरली की रजा मंजूर असूनही खुलासा द्यावा लागतो.

ताई, प्रमाणपत्र आल्यावर त्यावरची एक ओळ नक्की वाचा. बाबांची स्थिती "सुधारण्याची शक्यता" अशी नोंदली असेल तर किती महिन्यांनी किंवा वर्षांनी फेरतपासणी आणि प्रमाणपत्र कधीपर्यंत वैध, हे तिथेच लिहिलेलं असतं. पक्षाघातात असं होण्याची शक्यता बरीच असते. ती तारीख आत्ताच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि तिच्या तीन-चार महिने आधीची आठवण लावा, कारण नूतनीकरणालाही पोर्टलवर अर्ज आणि बोर्डाची तारीख लागते. त्या वर्षीच्या दोन सीएल त्याआधीच संपवू नका.